दहाव्याच्या प्रकरणासाठी मुदतवाढ

पीएच.डी.चा प्रबंध मार्गदर्शकाकडे एकदम जात नाही. एकेक प्रकरण ठरलेल्या तारखेला द्यायचे, त्यावर शेरे घ्यायचे आणि मगच पुढे जायचे, असा रिवाज असतो. तारीख हुकणार असे दिसले की विद्यार्थी मार्गदर्शकाला ईमेल लिहून मुदत मागतो. अशा ईमेलवरून मार्गदर्शकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: प्रकरण नेमके कुठवर आले आहे, कशामुळे अडले आहे आणि ते कधी हाती येईल. प्रकरण अंत्यविधींवरचे असेल, तर यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विषयातूनच शोधावे लागते.

उदाहरणासाठी समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी घेऊ. तिचा प्रबंध नाशिकमधील मृत्यूनंतरच्या विधींवर आहे. चौथे प्रकरण गोदाकाठी होणाऱ्या दहाव्यापासून तेराव्यापर्यंतच्या विधींचे असून ते ३० सप्टेंबरला द्यायचे आहे. त्याचे चार भाग ठरले आहेत: ग्रंथांत सांगितलेला विधी, घाटावर प्रत्यक्ष होणारा विधी, चार कुटुंबांच्या मुलाखती आणि शेवटी विश्लेषण.

पहिला भाग ग्रंथालयात बसून पुरा होतो. गरुडपुराणाचा प्रेतखंड, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० चा धर्मसिंधु आणि पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ चा चौथा खंड हे त्याचे मुख्य आधार. ग्रंथांतला क्रम स्पष्ट आहे. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांनी मृताचा सूक्ष्म देह अवयवाअवयवाने घडतो, अशी कल्पना आहे. अकराव्या दिवशी त्या एकट्यासाठी श्राद्ध होते. सपिंडीकरणात प्रेतासाठी केलेल्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. तिथे प्रेताचा पितर होतो. ग्रंथ सपिंडीकरणासाठी वर्षअखेरीचा काळही सांगतात, पण चाल बाराव्या दिवसाची आहे. तेराव्याला शांत करून गोडाचे जेवण होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचे वेळापत्रक मात्र विद्यार्थिनीच्या हाती नसते. दहावा कधी असेल हे मृत्यू ठरवतो. घाटावर उभे राहून पाहायलाही घरच्या माणसांची परवानगी लागते, आणि त्या घडीला ती मागणे बहुधा शक्य नसते. म्हणून घाटावरच्या उपाध्यायांमार्फत आधी निरोप द्यावा लागतो. एकाच सकाळी पाहिलेल्या विधीवरून सगळे कळले असेही होत नाही. शहरात दहाव्याचे, अकराव्याचे आणि बाराव्याचे विधी पुष्कळदा एक-दोन दिवसांत उरकले जातात. काही घरांत जीवखडा दहा दिवस जपून ठेवतात, काही घरांत दहाव्यालाच सगळे करतात. पिंडाला कावळा शिवेना तर घरचे लोक मृताच्या राहिलेल्या इच्छा आठवून तिथेच शब्द देतात. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. कोणी कोणता शब्द दिला आणि का दिला, हे त्या माणसांशी बोलल्याशिवाय लिहिता येत नाही.

त्या बोलण्यालाही वेळ द्यावा लागतो. सूतकात मुलाखत घेणे बरे दिसत नाही आणि तेराव्याच्या गडबडीतही नाही. सव्वा महिना उलटल्यावर घर थोडे सावरते, तेव्हा माणसे मोकळेपणी बोलतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, गोदाकाठचे उपाध्याय श्राद्धांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्यांच्याशी निवांत बोलणेही त्यानंतरच होते. शिवाय एक तासाची मुलाखत उतरवून घ्यायला साधारण चार ते सहा तास जातात.

आता या विद्यार्थिनीचा हिशेब पाहू. चारपैकी दोन कुटुंबांच्या मुलाखती झाल्या आहेत. तिसऱ्या घरी ३ सप्टेंबरला मृत्यू झाला, १२ तारखेला दहावा झाला, तो तिने घाटावर पाहिला. त्या घराचा सव्वा महिना १० ऑक्टोबरच्या सुमारास होतो. चौथ्या घराने होकार दिला आहे, पण तिथेही ऑक्टोबरच्या मध्याचीच वेळ मिळाली आहे. म्हणजे ३० सप्टेंबरला मुलाखतींचा भाग पूर्ण होऊच शकत नाही. हे तिला १५ सप्टेंबरलाच दिसते, तेव्हा ईमेलही त्याच दिवशी जायला हवा. मुदत संपल्यावर लिहिले तर मार्गदर्शकापुढे निर्णय उरत नाही. उशीर झाला एवढीच बातमी उरते.

असा ईमेल पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

विषय: प्रकरण ४ – अर्धा भाग ३० सप्टेंबरला, उरलेल्यासाठी १० नोव्हेंबरपर्यंत मुदतीची विनंती

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

चौथे प्रकरण ३० सप्टेंबरला पूर्ण देता येणार नाही, म्हणून आजच कळवत आहे. ग्रंथांवरचा भाग लिहून झाला आहे आणि घाटावरच्या निरीक्षणांचा भाग या महिन्यात पुरा होईल. हे दोन्ही भाग मी ३० सप्टेंबरला पाठवीन.

अडचण मुलाखतींची आहे. चारपैकी दोन कुटुंबांशी बोलणे झाले. तिसऱ्या घरी ३ सप्टेंबरला मृत्यू झाल्यामुळे सव्वा महिना होईपर्यंत त्यांना विचारणे योग्य वाटत नाही. चौथ्या कुटुंबानेही ऑक्टोबरच्या मध्याची वेळ दिली आहे. दोन्ही मुलाखती ११ ते १८ ऑक्टोबरदरम्यान घेऊन, महिनाअखेर उतरवून, विश्लेषणासह संपूर्ण प्रकरण १० नोव्हेंबरला देऊ शकेन.

तिसऱ्या घराचा दहावा मी पाहिला आहे. पहिल्या दोन घरांपेक्षा तिथला विधी बराच वेगळा होता, म्हणून ते घर वगळू नये असे वाटते. तरीही दोनच कुटुंबांवर प्रकरण उभे करावे असे आपले मत असेल, तर तसे करीन. सोबत पहिल्या भागाचा मसुदा जोडला आहे.

आपली विद्यार्थिनी

या ईमेलचे काम विषयाच्या ओळीतच निम्मे होते. मार्गदर्शकाच्या हाताखाली अनेक विद्यार्थी असतात. उघडण्याआधीच काय मागितले आहे ते तिला कळते. पहिल्या परिच्छेदात हातात काय आहे ते येते, दुसऱ्यात कारण आणि तारीख एकत्र येतात. कारण इतके नेमके आहे की त्यावरून तारीख पडताळता येते: १० ऑक्टोबरनंतर मुलाखत, मग उतरवणे, मग लेखन. सहा आठवडे का लागतात हे वाचणाऱ्याला स्वतः मोजता येते. जोडलेला मसुदा दाखवतो की काम थांबलेले नाही. तिसऱ्या परिच्छेदात दुसरा मार्गही सुचवला आहे, त्यामुळे मार्गदर्शकाला फक्त हो किंवा नाही म्हणायचे नसते. प्रकरण लहान करावे की मुदत वाढवावी हे तिला ठरवता येते.

अशा ईमेलमध्ये ठरावीक चुका होतात. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असे लिहिले की मार्गदर्शकाला कारण कळत नाही आणि तारखेवरही विश्वास बसत नाही. ‘वाचन सुरू आहे’ या वाक्यासोबत एकही पान नसेल, तर लेखन सुरूच झालेले नाही असे अनुभवी मार्गदर्शक ओळखतो. याउलट कारण सांगण्याच्या भरात शोकातल्या कुटुंबाचे नाव, पत्ता, मृत्यूचे कारण लिहिले जाते. ईमेल पुढे कोणाकडेही जाऊ शकतो, आणि त्या कुटुंबाने प्रबंधासाठी दिलेली परवानगी पत्रव्यवहारासाठी नसते. वर फक्त ‘तिसरे घर’ लिहिले आहे ते त्यामुळेच.

अंत्यविधींच्या प्रकरणात आणखी एक धोका असतो. मुलाखती मिळेनात तेव्हा गरुडपुराणातला क्रम घ्यायचा आणि ‘या समाजात असे करतात’ म्हणून मांडायचा, असा मोह होतो. हे ओळखणे अवघड नाही. त्या पानांवर एकाही घराचा, घाटाचा, उपाध्यायाचा किंवा तारखेचा उल्लेख नसतो आणि सगळे दिवस ग्रंथाप्रमाणे नेमके पार पडतात. अशा प्रकरणापेक्षा सहा आठवडे उशिरा आलेले प्रकरण बरे.

मुलाखतींशिवाय विश्लेषणही अडते. रोबेर हर्ट्झने १९०७ मध्ये बोर्निओच्या दायाक लोकांच्या दुहेरी दफनाबद्दल लिहिताना दाखवले की मृताचा आत्मा आणि मागे राहिलेली माणसे एकाच मधल्या अवस्थेत अडकलेली असतात. आर्नोल्ड व्हान गेनेपने १९०९ मध्ये विधींचे तुटणे, मधला काळ आणि पुन्हा जोडले जाणे असे तीन टप्पे मांडले. प्रेताचा पितर होण्याचे दहा-बारा दिवस आणि घरच्यांचे सूतक या चौकटीत चपखल बसतात. पण शहरातल्या घरात विधी दोन दिवसांत उरकतात आणि माणसे सव्वा महिना बोलत नाहीत; त्यांचा मधला काळ नेमका कधी संपतो, हे त्यांनाच विचारावे लागते. विद्यार्थिनी मुदत मागते ती या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

मार्गदर्शकाने दिलेली मुदत आणि विद्यापीठाने दिलेली मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे घेता येतात. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण करावे लागते. एका प्रकरणाच्या तारखेत हे नियम येत नाहीत, पण नवी तारीख पुढच्या सादरीकरणाच्या आधीची असेल हे पाहावे लागते. शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना प्रगती अहवालाचाही विचार करावा लागतो. मार्गदर्शकाने तोंडी होकार दिला, तरी ‘ठरल्याप्रमाणे १० नोव्हेंबरला पूर्ण प्रकरण देईन’ अशी एक ओळ ईमेलने पाठवून ठेवली की दोघांकडे नोंद राहते.

विद्यार्थिनीच्या स्वतःच्या घरी मृत्यू झाला असेल, तर वरचा हिशेब लागू होत नाही. तेव्हा दोन ओळी पुरतात: घरी काय झाले, आणि पुन्हा कधी लिहीन. नवी तारीख, मसुदा, पर्याय यांतले काहीही त्या ईमेलमध्ये नको. दहाव्यावर लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच घरातला दहावा अभ्यासाचा विषय करायचा की नाही हे तेराव्यानंतर ठरवता येते, आणि तो निर्णय मार्गदर्शकाशी समोरासमोर बोलून घेतलेला बरा.