पुरी किती तेल प्यायली?

रविवारची सकाळ. सदाशिव पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात पुऱ्या टम्म फुगत होत्या आणि माझी भाची वजनकाटा घेऊन ओट्याशी उभी होती. एका पुरीत किती कॅलरी, हे तिला शोधायचं होतं.

"सोप्पंय! कच्च्या पुऱ्या तोल, मग तळलेल्या तोल. वजन जेवढं वाढेल तेवढं तेल," मी म्हणालो.

दहा पुऱ्यांची भिजवलेली कणीक भरली २५० ग्रॅम. त्यात १६० ग्रॅम पीठ, ८५ ग्रॅम पाणी आणि ५ ग्रॅम तेलाचं मोहन. तळलेल्या पुऱ्या भरल्या २४५ ग्रॅम. वजन चक्क घटलं!

"म्हणजे पुरी तेल पीतच नाही?" भाची म्हणाली.

"मग कढईतलं तेल गेलं कुठं गं?" आजीने विचारलं.

पुरीभोवती बुडबुडे येतात ना, ती असते कणकेतल्या पाण्याची वाफ. पाणी बाहेर जातं, तेल आत येतं, म्हणून पुरीचं वजन आपल्याला फसवतं. तोलायची ती कढई! आम्ही तळणीआधी तेलासकट कढई तोलली होतीच. तळून झाल्यावर ती पूर्ण गार होऊ दिली आणि पुन्हा तोलली. ५० ग्रॅम तेल कमी झालं होतं. पुऱ्या ज्या कागदावर निथळल्या, तो ५ ग्रॅमनी जड झाला होता. म्हणजे पुऱ्यांत राहिलं ४५ ग्रॅम.

गंमत म्हणजे, पुरी तळत असताना तेल आत फारसं शिरत नाही, कारण बाहेर येणारी वाफ त्याला ढकलत असते. पुरी बाहेर काढली की गार होते, आतली वाफ आक्रसते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणूनच आजी पुरी झाऱ्यावर कढईच्या काठाशी लगेच निथळते.

आता हिशोब. १०० ग्रॅम कणकेच्या पिठात साधारण ३२० कॅलरी, म्हणून १६० ग्रॅमच्या झाल्या ५१२. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. मोहनाच्या ४५ आणि तळणाच्या ४०५. एकूण ९६२, म्हणजे एका पुरीत सुमारे ९६. तळणाचं तेल धरलंच नसतं, तर उत्तर आलं असतं फक्त ५६!

बटाट्याची भाजी सोपी, कारण फोडणीचं तेल सगळं भाजीतच राहतं. एका वाढीत १०० ग्रॅम बटाट्याच्या ७०, ५ ग्रॅम तेलाच्या ४५ आणि कांदा-मिरचीच्या दहाएक. झाल्या १२५. चार पुऱ्या आणि भाजी मिळून साधारण ५१०.

हे उत्तर अगदी काटेकोर नाही. ओट्यावर उडालेले थेंबही आम्ही पुरीच्याच नावावर मांडले.

भाचीने तो तेलकट कागद उजेडात धरला. "पाच ग्रॅम म्हणजे ४५ कॅलरी," ती म्हणाली, "मामा, या डागात जवळजवळ अर्धी पुरी आहे!"