लस तीच, मग गुण निराळा का?

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. क्षयरोगाविरुद्धची ही लस किती गुणकारी आहे, हा प्रश्न विचारला तर दोन मोठ्या चाचण्या अगदी उलट उत्तरं देतात. ब्रिटनमध्ये 1950 च्या सुमारास शाळा सोडण्याच्या वयातल्या मुलामुलींवर चाचणी झाली. लस घेतलेल्या 13,598 जणांत 62 जणांना क्षय झाला, तर न घेतलेल्या 12,867 जणांत 248 जणांना. म्हणजे लस घेतलेल्यांचा धोका इतरांच्या जेमतेम चौथा हिस्सा. जोखमीचं हे गुणोत्तर साधारण 0.24 येतं.

दुसरी चाचणी मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात 1968 साली सुरू झाली आणि ती फार मोठी होती. विश्लेषणात दोन्ही गटांत प्रत्येकी 88,391 लोक धरले आहेत. लस घेतलेल्यांत 505 रुग्ण, न घेतलेल्यांत 499. गुणोत्तर 1.01. लशीचा काही उपयोग झाल्याची खूण नाही.

अशा एकूण 13 चाचण्या एकत्र करून सरासरी काढली की गुणोत्तर 0.49 येतं, म्हणजे ‘धोका निम्मा होतो’. हे मेटा-अ‍ॅनालिसिस. पण हा निम्मा ब्रिटनमध्येही खरा नाही आणि चिंगलपेटमध्येही नाही. चाचण्यांमधला फरक नुसत्या योगायोगाने पडावा त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. अशा वेळी सरासरीवर थांबणं मला चुकीचंच वाटतं. प्रश्न बदलायला हवा: चाचणी कुठे झाली, कोणावर झाली, कशी झाली, यातल्या कशामुळे गुण कमीजास्त झाला? मेटा-रिग्रेशन या प्रश्नाला भिडतं.

ते असं करतात. प्रत्येक चाचणी म्हणजे आलेखावरचा एक ठिपका. आडव्या अक्षावर त्या चाचणीचं एखादं वैशिष्ट्य, उभ्या अक्षावर लशीचा परिणाम. बीसीजीच्या बाबतीत आडव्या अक्षावर अक्षांश घेतला गेला, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर. चिंगलपेट 13 अंशांवर, ब्रिटन 52 वर, कॅनडातली एक चाचणी 55 वर. मग ठिपक्यांमधून रेषा काढायची. पण सगळे ठिपके सारख्या वजनाचे नसतात. शे-दीडशे लोकांच्या चाचणीचं उत्तर नशिबाने इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून तिचा रेषेवरचा जोर कमी. मात्र मोठ्या चाचणीलाही सगळा जोर देत नाहीत. अक्षांशाने न उलगडलेला काही फरक चाचण्यांमध्ये उरतोच, आणि तो लोकसंख्या वाढवून जात नाही. वजन ठरवताना त्याचाही हिशेब धरतात.

हे गणित गुणोत्तराच्या लॉगवर केलं जातं आणि रेषा अशी येते:

`log(RR) = 0.2515 − 0.0291 × अक्षांश`

साध्या भाषेत, विषुववृत्तापासून 10 अंश दूर गेलं की गुणोत्तर सुमारे पाव हिश्शाने घटतं. 13 अंशांवर रेषा 0.88 सांगते, 52 अंशांवर 0.28. दोन्ही टोकांच्या प्रत्यक्ष आकड्यांपासून ही उत्तरं फार लांब नाहीत. चाचण्यांमधल्या खऱ्या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या एका रेषेने उलगडतो.

पण हैतीची चाचणी पाहा. ती 19 अंशांवर, म्हणजे मुंबईच्याच अक्षांशावर झाली. रेषेप्रमाणे तिथे 0.74 यायला हवं होतं, आलं 0.20. लशीने तिथे थंड प्रदेशासारखं काम केलं. दोन्ही गट मिळून रुग्ण फक्त 18 होते, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. पण रेषा म्हणजे नियम नव्हे, हे तो दाखवतो. मुळात अवघे 13 ठिपके. एका वैशिष्ट्यासाठी निदान 10 चाचण्या हव्यात असा या क्षेत्रातला ढोबळ दंडक आहे. त्यामुळे अक्षांश, वय, साल, चाचणीची पद्धत असं सगळं एकाच रेषेत कोंबलं, तर काहीतरी जुळून येणारच आणि ते खरं असेलच असं नाही.

शिवाय अक्षांश स्वतः काही करत नाही. उष्ण प्रदेशांतल्या माती-पाण्यात क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद जास्त असतात. लहानपणापासून त्यांच्याशी संबंध आलेल्या शरीरात लशीला नवं शिकवण्यासारखं थोडंच उरतं, असा विचार त्यामागे आहे. तो बरोबर असेल तर लस कोणत्या वयात दिली यालाही महत्त्व येतं, कारण वय वाढतं तसा हा संबंधही वाढतो. ब्रिटनमध्ये ट्युबरक्युलिनची कडक चाचणी करून, आधी असा संबंध न आलेलीच मुलं निवडली होती. चिंगलपेटमध्ये लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते. म्हणजे दोन ठिकाणांमध्ये अक्षांशाबरोबर वयही बदललं होतं आणि निवडीचा काटेकोरपणाही. रेषेला यातलं काय कशामुळे झालं ते कळत नाही. काही चाचण्यांच्या आत चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, पण कोणती चाचणी कुठल्या अक्षांशावर व्हावी हे कुणी चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अधिक चाचण्या घेऊन वय आणि निवड हेच तपासलं गेलं. कडक चाचणी करून निवडलेल्या मुलांमध्ये फुफ्फुसाच्या क्षयाविरुद्धचं गुणोत्तर 0.26, तान्ह्या बाळांमध्ये 0.41, तर मोठ्यांमध्ये, कडक चाचणी केली तरी, 0.88. सगळी वैशिष्ट्यं एकत्र घेतली की अक्षांशाचा जोर ओसरला, पण पूर्ण नाहीसा झाला नाही.

वयाच्या बाबतीत एक सापळा आहे, जो अक्षांशाच्या बाबतीत नसतो. एका चाचणीतल्या सगळ्या माणसांचा अक्षांश एकच असतो, वय मात्र प्रत्येकाचं वेगळं. सरासरी वय 25 असलेल्या चाचणीत सगळे पंचविशीचे तरुण असू शकतात, किंवा निम्मी दहा वर्षांची मुलं आणि निम्मे चाळिशीचे लोक. आलेखावर दोन्हींचा ठिपका एकाच जागी पडतो. म्हणून ‘सरासरी वय जास्त असलेल्या चाचण्यांत परिणाम कमी दिसला’ यावरून ‘मोठ्या माणसांना लस कमी लागू पडते’ असं म्हणता येत नाही. ते पाहायचं तर एकाच चाचणीच्या आत मुलं आणि मोठी माणसं वेगवेगळी करावी लागतात.

चिंगलपेटमध्ये ते शक्य होतं. तिथल्या लोकांवर 15 वर्षं लक्ष ठेवल्यानंतर हिशेब पुन्हा वयानुसार मांडला गेला. प्रौढांमध्ये संरक्षण आढळलं नाही. मुलांमध्ये ते सुमारे 27 टक्के दिसलं, पण अनिश्चिततेची कक्षा शून्याच्या खालपासून 50 टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. आज आपल्याकडे बाळाला ही लस जन्मतःच टोचतात, मातीशी त्याची ओळख व्हायच्या आत. त्या 13 ठिपक्यांमधलं चिंगलपेटचं 1.01 ज्या लोकांचं आहे, त्यांतले बरेच जण लस घेताना मोठी माणसं होती.