किमान वेतनाची अधिसूचना कशी वाचावी
लेखांक 4 : तक्त्यातील आकड्यापर्यंतची वाट

किमान वेतनाची अधिसूचना हाती आली की वाचणाऱ्याची नजर प्रथम तक्त्यावर जाते आणि त्यातील एखादा आकडा आपल्या मजुरीशी ताडून पाहण्याचा मोह होतो. तो आकडा मात्र एकटा उभा नसतो. काम कोणत्या सरकारच्या अधिकारकक्षेत येते, ते कोणत्या ठिकाणी चालते, कामगाराच्या हातचे काम कोणत्या कौशल्यश्रेणीचे आहे आणि मजुरी कोणत्या तारखेची आहे, या प्रश्नांची उत्तरे ठरल्यावरच तक्त्यातील नेमके घर सापडते. यांपैकी एकही उत्तर चुकले, तर आकडा छापील आणि सरकारी असूनही त्या कामगाराच्या दृष्टीने तो चुकीचाच ठरतो.

समजा, पुण्यात रेल्वेच्या एका इमारतीचे बांधकाम ठेकेदारामार्फत चालू आहे आणि तेथे सळई बांधणारा एक कामगार नोव्हेंबर 2024 मध्ये चार रविवार वगळून 26 दिवस कामावर होता. ठेकेदाराने त्याला दिवसाला 650 रुपयांप्रमाणे 16,900 रुपये दिले. ही मजुरी कायदेशीर किमान वेतनाइतकी आहे का, हे अधिसूचनेवरून ठरवायचे आहे.

पहिला प्रश्न सरकारचा. कायद्याच्या भाषेत ज्याला ‘समुचित शासन’ म्हणतात, म्हणजे त्या कामापुरते दर ठरवण्याचा अधिकार असलेले सरकार, ते सर्व बांधकामांसाठी एकच नसते. रेल्वे, खाणी, मोठी बंदरे आणि केंद्र सरकारच्या अधिकाराखाली चालणारी कामे यांचे दर केंद्र सरकार ठरवते, तर खाजगी बिल्डरच्या किंवा महापालिकेच्या कामाचे दर राज्य सरकार ठरवते. पुण्यात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना काम करणाऱ्या दोन गवंड्यांना त्यामुळे दोन वेगळे तक्ते लागू होऊ शकतात. येथे काम रेल्वेचे असल्याने केंद्राचा तक्ता उघडावा लागेल. मधला ठेकेदार खाजगी आहे एवढ्याने तक्ता बदलत नाही, कारण हे दर ठेकेदाराने नेमलेल्या कामगारांनाही लागू असतात.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा आहे. केंद्राच्या अधिसूचनेत देशाची विभागणी अ, ब आणि क अशा तीन क्षेत्रांत केलेली असून मुंबई, पुणे व नागपूर हे नागरी समूह अ क्षेत्रात येतात. नागरी समूह म्हणजे केवळ महापालिकेची हद्द नव्हे, तर जनगणनेने एकत्र धरलेला सलग शहरी प्रदेश होय. पुण्याच्या समूहात पिंपरी-चिंचवड आणि तिन्ही कटक मंडळेही मोडतात. महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनांत क्षेत्राऐवजी ‘परिमंडळ’ हा शब्द येतो आणि अनेक उद्योगांसाठी महानगरपालिका, नगरपालिका व उर्वरित प्रदेश अशा धर्तीवर त्याची रचना केलेली असते. दोन्हीकडे निर्णायक ठरते ते प्रत्यक्ष कामाचे ठिकाण. कामगाराचे गाव किंवा ठेकेदाराचे कार्यालय कोठे आहे याला महत्त्व नाही. मुकादमाने खेड्यातून आणलेल्या मजुराला ‘तुमच्याकडचा भाव’ देणे कायद्यात बसत नाही, कारण तो मजूर पुण्यात राबत आहे.

यानंतर तारीख येते, आणि कामगारांची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. केंद्राच्या बांधकाम उद्योगासाठीच्या 19 जानेवारी 2017 च्या अधिसूचनेत अ क्षेत्रातील अकुशल कामगाराचा दर दिवसाला 523 रुपये असा छापलेला आहे. ठेकेदार तोच कागद पुढे करून ‘आपण 127 रुपये जास्तच देतो’ असे म्हणू शकतो. परंतु 523 रुपये हा केवळ मूळ दर आहे. त्यावर परिवर्तनीय महागाई भत्ता, म्हणजे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकातील वाढीनुसार बदलणारा भत्ता मिळवावा लागतो, आणि त्याचा आदेश दरवर्षी 1 एप्रिल व 1 ऑक्टोबरपासून लागू होणारा स्वतंत्र कागद असतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून अ क्षेत्रातील अकुशल बांधकाम कामगाराचा भत्त्यासह दर 783 रुपये झाला. म्हणजे 260 रुपये, मूळ दराच्या जवळजवळ निम्मी रक्कम, मूळ अधिसूचनेत नव्हतीच. जो केवळ मूळ अधिसूचना वाचतो, तो महिन्याला 6,760 रुपयांचा हक्क न वाचताच सोडून देतो. राज्याच्या दरांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. तेथे या भत्त्याला ‘विशेष भत्ता’ म्हणतात आणि त्याचे दर जानेवारी व जुलै अशा सहामाहीने जाहीर होतात. म्हणून कागद हाती आल्यावर त्याच्या शीर्षकाआधी तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे पाहावे आणि त्या तारखेनंतरचा भत्त्याचा आदेश मिळवल्याशिवाय हिशेबाला बसू नये.

दैनिक दराचा मासिक दर करतानाही एक पेच असतो. केंद्राचा मासिक दर 783 रुपयांना 26 ने गुणून, म्हणजे 20,358 रुपये असा काढला जातो, कारण साप्ताहिक सुटीच्या दिवसाचे वेतन दैनिक दरातच धरलेले आहे. काही ठेकेदार हीच मासिक रक्कम 30 ने भागून रोजची मजुरी 678 रुपये 60 पैसे असल्याचे दाखवतात आणि पैसे मात्र हजेरीच्या 26 दिवसांचेच देतात. अशा हिशेबात कामगाराला 17,643 रुपये 60 पैसे मिळतात आणि 2,714 रुपये 40 पैसे कमी पडतात. भागाकार 30 ने केला तर सुटीचे दिवसही मोजले पाहिजेत आणि मोजणी हजेरीची असेल तर भाजक 26 असला पाहिजे; दोन्हींतील सोयीचे तेवढे उचलणे हा हिशेब नव्हे, ती कपात आहे.

आता कौशल्यश्रेणी. केंद्राच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल व अतिकुशल अशा चार श्रेणी आहेत, तर राज्याच्या बहुतेक तक्त्यांत अतिकुशल ही श्रेणी नसते. अधिसूचनेतील व्याख्यांचा आशय असा, की ज्या कामाला अनुभवाची फारशी गरज नाही ते अकुशल. जे अनुभवाने येते, पण कुशल कामगाराच्या देखरेखीखाली करता येते ते अर्धकुशल. आणि ज्यात अनुभवाने वा प्रशिक्षणाने आलेल्या कौशल्यासोबत स्वतःची निर्णयबुद्धी वापरावी लागते ते कुशल. व्याख्या व्यक्तीची नसून कामाची आहे, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कामगाराकडे प्रमाणपत्र नाही किंवा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘बिगारी’ लिहिले आहे, एवढ्यावरून श्रेणी ठरत नाही. उदाहरणातील कामगार सळया नुसत्या वाहून नेत असेल तर त्याचे काम अकुशल. दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे तारेने गाठी मारत असेल तर ते अर्धकुशल. आणि नकाशा पाहून सळई कापणे, वाकवणे व तिचे अंतर ठरवून जाळी बांधणे ही कामे स्वतःच्या जबाबदारीवर करत असेल तर ते कुशल ठरण्यास भक्कम आधार आहे.

या एका उत्तराने रक्कम किती बदलते ते पाहावे. 26 दिवसांचे अकुशल वेतन 20,358 रुपये असल्याने दिलेल्या 16,900 रुपयांत 3,458 रुपयांची तूट निघते. अर्धकुशलचा दर 868 रुपये, म्हणून देय 22,568 आणि तूट 5,668 रुपये. कुशलचा दर 954 रुपये, म्हणून देय 24,804 आणि तूट 7,904 रुपये. ठेकेदाराची मजुरी कोणत्याही श्रेणीत कायद्याला उतरत नाही हे तर दिसतेच, शिवाय श्रेणीचा वाद किती मोलाचा आहे हेही दिसते. तो वाद पुराव्याने लढावा लागतो आणि रोज कोणते काम केले याची साधी नोंद, सहकाऱ्यांची साक्ष व वेतनचिठ्ठी हाच त्यातला मुख्य पुरावा असतो.

तक्त्यात काय नाही, हेही वाचण्यासारखे आहे. त्यात स्त्री व पुरुष असे वेगळे स्तंभ नाहीत. बांधकामावर तेच ओझे वाहणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी देण्याची रीत कितीही जुनी असली, तरी अधिसूचनेत तिला कसलाही आधार नाही. मुकादमाच्या दलालीसाठीही तेथे स्तंभ नाही. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावर ठेकेदार मजुरांची 9 रुपये 25 पैशांची किमान मजुरी जमादारांमार्फत देत आणि जमादार त्यातून प्रत्येकी एक रुपया कापून घेत. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 23 ने मनाई केलेली वेठबिगारी होय, असे ठरवले. कामगाराने कमी मजुरीला होकार दिला होता, हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

घरकामगारांच्या बाबतीत महाराष्ट्रात अडचण वेगळी आहे, कारण वाचायला तक्ताच नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात दर ठरत ते अनुसूचीत नोंदलेल्या उद्योगांसाठी, आणि घरकाम महाराष्ट्राच्या अनुसूचीत आले नाही. राज्याने 2008 मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने नोंदणी व कल्याणकारी लाभांची सोय केली, मजुरीचा दर मात्र ठरवला नाही. कर्नाटकाने 2004 मध्येच घरकामाचे किमान वेतन ठरवले होते आणि तमिळनाडूने 2018 मध्ये तासाचा दर दिला. अशा अधिसूचना वाचताना एकक सर्वांत आधी पाहावे लागते, कारण चार घरांत दीड-दोन तासांची धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठ तासांच्या मासिक दराचा थेट उपयोग नाही. तिला तासाचा दर, किंवा अर्धवेळ कामाला मासिक दर कोणत्या प्रमाणात लागू होतो ते सांगणारी टीप शोधावी लागते.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने अनुसूचीची अट काढून टाकली आणि जुन्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, चालू ठेवल्या. थकीत वेतनाचा दावा करण्याची मुदतही जुन्या कायद्यातील सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली असून दावा मान्य झाल्यास फरकाच्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तरीही संहितेतील कर्मचारी हा ‘आस्थापने’त नेमलेला असावा लागतो, आणि कुटुंबाचे राहते घर आस्थापना ठरते का, हा वादाचा मुद्दा आहे. अनुसूची गेली म्हणून घरकामगाराला आपोआप दर मिळाला, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरेल. महाराष्ट्र शासनाने घरकामाचे तासाचे आणि महिन्याचे दर परिमंडळवार नेमून देणारी स्वतंत्र अधिसूचना काढावी, हाच यावरचा सरळ मार्ग आहे आणि घरकामगार संघटनांनी आपली मागणी याच शब्दांत नेमकी मांडली पाहिजे.