आली असेल तर, आली असती तर

एसटी स्थानकावर पाहुण्यांना आणायला गेलेल्या मुलाला घरून फोन येतो, "गाडी आली असेल तर लगेच निघा." तासाभराने घरात कुणीतरी कुरकुरतं, "गाडी वेळेवर आली असती तर एव्हाना जेवणं झाली असती." पहिल्या वाक्यात गाडी आली की नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही. दुसऱ्यात ती वेळेवर आली नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

दोन्ही वाक्यांत 'जर' नाही, तरी काही अडत नाही. बोलताना 'जर' सहज गळतो, 'तर' मात्र टिकून राहतो. पण अट खरी ठरण्याजोगी आहे की हुकलेली, हे या दोघांपैकी कुणीच सांगत नाही. ते काम क्रियापदाचं.

शक्य कोटीतली अट साध्या रूपांत येते. 'उद्या पाऊस आला तर घरीच थांबू' यात 'आला' दिसायला भूतकाळी, गोष्ट मात्र उद्याची. सूचनाफलकावर हेच 'पाऊस आल्यास' होतं. हुकलेल्या अटीत मात्र 'असता' लागतो, आणि बहुधा दोन्ही अंगांना: 'त्याने अर्ज भरला असता तर त्याला नोकरी मिळाली असती.' अर्ज पुल्लिंगी म्हणून 'असता', नोकरी स्त्रीलिंगी म्हणून 'असती'. अर्ज भरणारा पुरुष की बाई, याचा इथे संबंधच नाही. शालेय व्याकरणात या रूपाला संकेतार्थ म्हणतात.

नकार आला की अर्थ उलटतो. 'पाऊस आला नाही तर सामना होईल' यात आभाळाकडे बघत बसायचं. 'पाऊस आला नसता तर सामना झाला असता' म्हटलं, की पाऊस येऊन गेला. शंका वाटलीच तर अटीमागे 'पण तसं झालं नाही' जोडून पाहावं. 'गाडी वेळेवर आली असती तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही' हे बिनतक्रार जुळतं. 'गाडी आली असेल तर निघा, पण तसं झालं नाही' लगेच खटकतं.

फरक कधीकधी एका मात्रेवर येऊन ठेपतो. 'तो घरी असतो' ही रोजची सवय, 'तो घरी असता तर' ही हुकलेली गोष्ट. तसंच 'ती असते' आणि 'ती असती तर'. पुरुष स्वतःबद्दल बोलू लागला की ही खूणही पुसली जाते. 'मी दुपारी घरी असतो' आणि 'मी घरी असतो तर दार उघडलं असतं', दोन्हीकडे रूप एकच. तिथे 'तर' आणि पुढचं 'उघडलं असतं' यांवरूनच उलगडा होतो.

काळाच्या बाबतीत मात्र हे रूप बेफिकीर आहे. 'पैसे असते तर घेतलं असतं' हे गेल्या वर्षीच्या घराबद्दलही चालतं आणि आत्ता दुकानात समोर टांगलेल्या कापडाबद्दलही. 'तेव्हा', 'आत्ता' असं काही जोडल्याशिवाय कळत नाही. 'उद्या सुट्टी असती तर गावी गेलो असतो' हेही बिनचूक मराठी आहे, कारण उद्या सुट्टी नाही हे आजच ठरलेलं आहे.