आईबापांपेक्षा उंच वाटाणा

इंग्लंडमध्ये रेडिंग इथे फ्रेडरिक कीबल आणि कॅरोलाइन पेल्यू यांनी वाटाण्याच्या दोन वाणांचा संकर केला आणि त्याचे निष्कर्ष १९१० साली प्रसिद्ध केले. एकाचे नाव ऑटोक्रॅट, दुसऱ्याचे बाउंटिफुल. दोघेही मध्यम उंचीचे, साधारण पाच ते सहा फुटांचे. त्यांच्या संकरातून आलेली पहिली पिढी मात्र सात ते आठ फूट वाढली. दोन्ही पालकांपेक्षा वरचढ ठरणाऱ्या या वाढीलाच संकरओज किंवा हेटेरोसिस म्हणतात. हे का होते, यावर कृषी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी बहुतेक वेळा एकच उत्तर देतो: ‘दोन वेगळे जनुक एकत्र आले की जोर येतो.’ हे उत्तर अपुरे आहे, आणि ते कुठे अपुरे पडते हे वाटाण्याच्या याच झाडावर दाखवता येते.

कीबल आणि पेल्यू यांनी नुसती उंची मोजून पट्टी खाली ठेवली नाही, खोडही पाहिले. एका वाणाचे खोड जाड होते, पण दोन पेरांमधली कांडी आखूड. दुसऱ्याची कांडी लांब, पण खोड बारीक. म्हणजे दोघांची उंची सारखीच दिसत असली, तरी ती वेगवेगळ्या कारणांनी अडलेली होती. जाड खोड हा बारीक खोडावर प्रभावी गुण आहे आणि लांब कांडे हा आखूड कांड्यावर. संकरात एका पालकाकडून जाडी आली, दुसऱ्याकडून लांबी आली आणि प्रत्येकाची उणीव दुसऱ्याने झाकली. जाड खोडाची, लांब कांड्यांची वेल साहजिकच उंच झाली.

या संकराच्या दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या हिशेबाने चार प्रकारची झाडे ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात येतात. सोळांपैकी नऊ झाडे जाड खोडाची आणि लांब कांड्यांची, म्हणजे उंच. तीन एका पालकासारखी, तीन दुसऱ्यासारखी, आणि एक बारीक खोडाचे, आखूड कांड्याचे, सगळ्यांत बुटके. उंच नऊ झाडांपैकी एका झाडात दोन्ही प्रभावी जनुक जोडीने असतात. त्याचे बी पेरत राहिले, तर संकराइतकीच उंच आणि कायम तशीच राहणारी शुद्ध ओळ हाती येते. या संकराचा जोर विषम जोडीमुळे नव्हता, हे त्या शुद्ध ओळीवरून कळते. जोर होता तो दोन चांगले जनुक एका झाडात जमल्याचा.

प्रभावितेची कल्पना ती हीच. चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९०८ मध्ये आणि ए. बी. ब्रूस यांनी १९१० मध्ये ती मांडली. प्रत्येक वाणात काही अपायकारक अप्रभावी जनुक दडलेले असतात. स्वपरागीकरण करत गेले की ते जोडीने उघडे पडतात आणि ओळ खुरटते. दोन ओळी संकरित केल्या की एकीचे प्रभावी जनुक दुसरीचे अप्रभावी जनुक झाकतात.

अतिप्रभावितेची कल्पना वेगळी आहे. त्यासाठी एकाच जनुकाचा हिशेब घेऊ. समजा aa जोडीच्या झाडाचे उत्पादन १० आणि AA चे २०. दोन्हींचा मध्य १५. संकर Aa चे उत्पादन नेमके १५ आले तर प्रभाविता नाही. १७ आले तर अपुरी प्रभाविता. २० आले तर पूर्ण प्रभाविता. आणि २३ आले, म्हणजे दोन्ही समयुग्मजी जोड्यांच्या पलीकडे गेले, तर ती अतिप्रभाविता. अमेरिकेत जॉर्ज शल आणि एडवर्ड ईस्ट मक्यावर काम करत होते. त्यांचा कल या बाजूचा होता: विषम जोडी असणे हेच झाडाला चेतवते. ही कल्पना खरी असेल, तर संकराइतकी शुद्ध ओळ कधीच मिळणार नाही, कारण शुद्ध ओळीत विषम जोडीच उरत नाही.

विद्यार्थी इथे बहुधा दुसऱ्या पिढीच्या घसरणीचा पुरावा पुढे करतात. महाराष्ट्रात १९६० च्या दशकात सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हापासून शेतकऱ्याला ठाऊक आहे की हायब्रीडचे घरचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर पीक उतरते. दोन पालकांचे उत्पादन ६० आणि ५० असेल, तर मध्य ५५. संकराचे ८० आले, तर मध्यापेक्षा वाढ २५ ची. दुसऱ्या पिढीत विषम जोड्या निम्म्या होतात, म्हणून वाढही निम्मी राहते आणि उत्पादन साधारण ६७.५ वर येते. पण नीट पाहा, हा हिशेब दोन्ही कल्पनांत सारखाच लागतो. प्रभावितेतही अप्रभावी जोड्या परत उघड्या पडल्याने निम्मीच वाढ उरते. घसरणीवरून दोघींपैकी कोण बरोबर हे ठरत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा घोटाळा वारंवार दिसतो.

प्रभावितेवर त्या काळी जो आक्षेप घेतला गेला, तो अधिक वजनदार होता. चांगले जनुक एकत्र करण्याचाच प्रश्न असेल, तर मक्यात संकराइतकी शुद्ध ओळ इतक्या वर्षांत कोणाला का सापडली नाही? वाटाण्यात ती सोळांत एक मिळते. उत्तर जनुकांच्या संख्येत आहे. उत्पादनावर दोन नव्हे, अनेक जनुक काम करतात. वीस जनुकांचाच विचार केला, तर दुसऱ्या पिढीपासून स्वपरागीकरणाने काढलेल्या ओळींत सगळे वीस चांगले जनुक शुद्ध स्वरूपात येण्याची शक्यता दहा लाख अट्ठेचाळीस हजारांत एक, तेही जनुक एकमेकांपासून मोकळे असतील तर. जनुकांची संख्या याहून जास्त असेल, तर असे झाड शोधायला शेत पुरणार नाही. म्हणजे तशी ओळ तत्त्वतः शक्य असली, तरी हाती येत नाही.

पण जनुक मोकळे नसतात, ते गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेले असतात. डोनाल्ड जोन्स यांनी १९१७ मध्ये नेमके याकडे लक्ष वेधले, आणि अतिप्रभावितेचा भास कुठून होतो ते इथे कळते. समजा A आणि B हे दोन जनुक अगदी जवळ आहेत. एका ओळीच्या गुणसूत्रावर A आणि b आहेत, दुसरीच्या गुणसूत्रावर a आणि B. प्रत्येक जनुकाचा चांगला प्रकार पूर्ण प्रभावी आहे आणि तो झाडाच्या खात्यात २० भरतो, नसेल तर १०. पहिल्या ओळीचे ३०, दुसरीचेही ३०, आणि संकराचे ४०. A आणि B मध्ये अदलाबदल जवळजवळ होतच नसेल, तर आपल्याला दोन जनुक दिसणार नाहीत. एकच जागा दिसेल आणि तिथे ३०, ४०, ३० असे आकडे असतील. वरच्या मोजपट्टीवर ही उघड अतिप्रभाविता आहे, पण प्रत्यक्षात आहे दोन साध्या प्रभावी जनुकांची शेजारवस्ती. याला आभासी अतिप्रभाविता म्हणतात. मक्याच्या गुणसूत्रांच्या मध्यभागाजवळ अदलाबदल फार कमी होते, त्यामुळे तिथे असा भास टिकून राहायला चांगली जागा मिळते.

हा भास ओळखायचा कसा? नॉर्थ कॅरोलिनातल्या राल्फ कॉमस्टॉक आणि हॅरॉल्ड रॉबिन्सन यांनी त्यासाठी एक पद्धत बसवली. दोन इनब्रेड ओळींच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतली झाडे घ्यायची, त्यांचा दोन्ही मूळ ओळींशी उलट संकर करायचा आणि आलेल्या संततीच्या उत्पादनातल्या फरकांवरून प्रभावितेची सरासरी मात्रा काढायची. १ म्हणजे पूर्ण प्रभाविता, त्याच्या वर गेली तर अतिप्रभाविता. दुसऱ्या पिढीत मक्याच्या उत्पादनाची मात्रा १ च्या वर आली. मग त्याच दुसऱ्या पिढीला काही पिढ्या आपापसात यादृच्छिक परागीकरणाने वाढवले, म्हणजे गुणसूत्रांवरचे जोडलेले तुकडे तुटायला वेळ मिळाला, आणि तीच मोजणी पुन्हा केली. आता मात्रा खाली आली. खरी अतिप्रभाविता असती, तर ती एकाच जनुकाच्या आत असती आणि तुकडे तुटल्याने ती हलली नसती. १९६० च्या दशकात हे निकाल आल्यावर मक्यात प्रभावितेचे पारडे जड झाले. अमेरिकेतल्या इनब्रेड ओळींचे स्वतःचे उत्पादनही दशकांमागून दशके वाढत गेले, ही गोष्ट याच्याशी जुळते. चांगले जनुक हळूहळू शुद्ध स्वरूपात जमवता येतात, हे त्यातून दिसते.

तरीही अतिप्रभाविता खोटी म्हणून सोडून देणे चूक ठरेल. २०१० मध्ये उरी क्रीगर, झाकरी लिपमन आणि दानी झामिर यांनी टोमॅटोत एक जनुक दाखवला, नाव एसएफटी. तो फुले यायला लावणारा संदेश तयार करतो. त्याचा बिघडलेला प्रकार दोन्ही बाजूंनी आला, तर झाड उशिरा फुलते आणि फळे फार कमी देते. पण प्रक्रिया उद्योगासाठी लावल्या जाणाऱ्या, वाढ आपोआप थांबणाऱ्या टोमॅटोत एक चांगली आणि एक बिघडलेली अशी जोडी असली, की फुलण्याचा संदेश थोडा कमी मिळतो, फांदी थांबायला थोडी उशीर करते आणि फुलांचे घोस वाढतात. या झाडांनी शुद्ध जोडीपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत जास्त उत्पादन दिले. इथे झाकण्याचा प्रश्न नाही. एकाच जनुकाची मात्रा जास्त असूनही चालत नाही आणि नसूनही चालत नाही, निम्मी मात्रा सोयीची पडते. हा परिणाम वाढ थांबणाऱ्या टोमॅटोतच ठळक आहे, हेही लक्षात ठेवावे, कारण जनुकाचा प्रभाव बाकीच्या झाडावर अवलंबून असतो.

मग पैदासकाराने कोणत्या कल्पनेवर काम करायचे? प्रभाविता खरी असेल, तर ओळींमध्ये चांगले जनुक साठवत जाणे फायद्याचे. अतिप्रभाविता खरी असेल, तर दोन ओळी एकमेकींपासून वेगळ्या राखून त्या कशा जुळतात ते पाहणे फायद्याचे. १९४९ मध्ये कॉमस्टॉक, रॉबिन्सन आणि पॉल हार्वे यांनी सुचवलेल्या आळीपाळीच्या निवडीत हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन वेगळ्या लोकसंख्या घ्यायच्या. पहिलीतल्या प्रत्येक निवडक झाडाचे स्वपरागीकरण करून बी राखून ठेवायचे आणि त्याच झाडाचा दुसरीतल्या झाडांशी संकर करायचा. संकराची संतती शेतात तोलायची आणि जी झाडे चांगली संतती देतील त्यांचेच राखलेले बी घेऊन पहिली लोकसंख्या नव्याने उभारायची. दुसऱ्या लोकसंख्येतही तेच, पहिलीला चाचणीसाठी वापरून. निवड झाडाच्या स्वतःच्या दिसण्यावर होत नाही, समोरच्या लोकसंख्येशी ते कसे जुळते यावर होते. जनुक झाकून उपयोगी पडत असो वा विषम जोडीत असल्यामुळे, दोन्ही बाबतीत तो निवडीत पुढे येतो.