शेजाऱ्याला चेक भाषेत चिठ्ठी

चेक शहरांतल्या पानेलाक म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंतींच्या इमारतींत आवाज सहज पलीकडे जातो. संध्याकाळी शेजारचे संगीत त्रास देऊ लागले, तर दारावर चिठ्ठी लावता येते. ती सौम्य ठरते ती मुख्यतः क्रियापदामुळे.

सुरुवात 'दोब्री देन, वाझेनी सोउसेदे' अशी, म्हणजे 'नमस्कार, आदरणीय शेजारी'. 'सोउसेद' हा शब्द हाक मारताना 'सोउसेदे' होतो. हे संबोधन चुकले की परकेपणा लगेच जाणवतो. पुढे आदरार्थी 'वि' वापरायचे. पत्रात 'तुम्हाला', 'तुमचे' या शब्दांचे पहिले अक्षर मोठे लिहितात, तोही मानाचाच भाग. एकेरी 'ति' इथे उद्धट वाटेल.

मग कारण: भिंती पातळ आहेत, तुम्हाला कदाचित कल्पनाही नसेल, पण संगीत आमच्या झोपायच्या खोलीत ऐकू येते. दोष भिंतीवर गेल्याने शेजाऱ्याला बचाव करावा लागत नाही. विनंतीत 'आवाज कमी करा' हा आज्ञार्थ नको. 'मोहल बिस्ते' म्हणजे 'शकाल का'; शेजारीण असेल तर 'मोहला बिस्ते'. त्यापुढे 'प्रोसीम' (कृपया), 'त्रोखु' (थोडा) आणि नेमकी वेळ, उदाहरणार्थ नऊनंतर.

कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आहे, तिला 'नोच्नी क्लिद' म्हणतात. पहिल्याच चिठ्ठीत तिचा उल्लेख धमकीसारखा वाचला जातो, आणि नऊच्या तक्रारीला तो लागूही पडत नाही. शेवटी 'द्येकुयि झा पोखोपेनी', म्हणजे 'समजून घेतल्याबद्दल आभार', आणि खाली सही. निनावी चिठ्ठीला शेजारी उत्तर तरी कुणाला देणार?