रेझरवर नाहक आळ

‘पायाला रेझर लावू नकोस, राठ केस येतील.’ वयात येणाऱ्या मुलीला हे आई सांगते, मावशी सांगते आणि पार्लरवालीही सांगते. त्याच घरात तान्ह्या बाळाचे जावळ काढताना मात्र केस दाट आणि काळेभोर यावेत, हीच सगळ्यांची इच्छा असते. पायाच्या बाबतीत जिची धास्ती, डोक्याच्या बाबतीत तिचीच आस. समजूत मुळात एकच, की पात्याखालून गेलेला केस पुन्हा येताना जाड आणि काळा होऊन येतो. ही समजूत चुकीची आहे. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचे कारण लोक डोळे मिटून बोलतात असे नाही. बोटांना जे खरखरीत लागते ते खरोखरच खरखरीत असते आणि डोळ्यांना जे काळे दिसते ते खरोखरच काळे असते. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

पायावरचा कधीही न कापलेला एक केस उपटून भिंगाखाली धरला, तर तो सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. बुंध्याकडे जाड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो. रेझर त्याला नेमका कातडीलगत, म्हणजे जाड भागात कापतो. दोन दिवसांनी वर डोकावतो तो त्याच केसाचा उरलेला बुंधा. त्याला निमुळते टोक नसते, सपाट कापलेले तोंड असते. तुरीच्या उभ्या पिकातून चालताना शेंडे अंगाला लागून वाकतात आणि कापणी झाली की त्याच झाडांची धसकटे पायात घुसतात. म्हणून विळ्याने तूर जाड केली, असे कोणी म्हणत नाही. शिवाय कोणतीही काडी जितकी आखूड तितकी वाकवायला कठीण. एका टोकाला रोवलेल्या काडीची लांबी दहाव्या हिश्शावर आणली, तर तिचे मोकळे टोक तेवढेच वाकवायला सुमारे हजारपट जोर लागतो. एक सेंटिमीटरचा केस हाताखाली मऊ लोळतो आणि एक मिलिमीटरचा टोचतो, तो यामुळे. जाडी दोघांची तीच. रंगाचेही तसेच. लांब केसाचे टोक कित्येक आठवडे उन्हातान्हात राहून फिकट पडलेले असते, बुंध्याला अजून ऊन लागलेले नसते. व्हॅक्सिंगनंतर केस ‘मऊ येतात’ असे म्हणतात, त्याचा उलगडाही इथेच होतो. व्हॅक्समध्ये केस मुळातून निघतो आणि त्या जागी येणारा नवा केस पुन्हा निमुळते टोक घेऊन येतो.

आता प्रश्न मुळाचा. केसाची जाडी, रंग आणि वाढीचा वेग या तिन्ही गोष्टी कातडीखाली काही मिलिमीटरवर असलेल्या मुळाशी ठरतात. जिवंत भाग तेवढाच. कातडीबाहेर दिसणारा केस नखाच्या कडेसारखा मृत असतो. कापताना दुखत नाही ते त्यामुळेच. वर पाते फिरले ही वर्दी खाली मुळापर्यंत पोचवणारी वाटच त्या मृत तंतूत नाही.

हे नुसते तर्काने सांगून भागत नाही, मोजून पाहावे लागते, आणि ते मोजले गेले आहे. अमेरिकेतील शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्ये चार पुरुषांच्या दाढीच्या केसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाढी केल्यामुळे केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलल्याचे त्यांना आढळले नाही. 1970 मध्ये लिनफील्ड आणि मॅकविल्यम्स यांनी आणखी नेटका प्रयोग केला. पाच निरोगी तरुणांचा एक पाय काही महिने दर आठवड्याला भादरला आणि दुसऱ्या पायाला पाते लावलेच नाही. माणूस तोच, त्याचे खाणेपिणे तेच, संप्रेरके तीच. फरक फक्त रेझरचा. नंतर ठरावीक जागेत उगवलेल्या केसांचे वजन, एकेका केसाची रुंदी आणि वाढीचा वेग तपासला, तेव्हा रेझरच्या माथी मारावा असा फरक दोन पायांत निघाला नाही.

चार आणि पाच माणसांवरून जगाचा निकाल कसा लावायचा, असे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे. पण या प्रयोगांना रस्त्यावरची साक्ष जोडून पाहावी. चंदीगडसारख्या शहरात धर्माज्ञेप्रमाणे आयुष्यभर केसांना पाते न लावणारे शीख पुरुष दिसतात आणि रोज गुळगुळीत दाढी करणारे पुरुषही. दाढीचा राठपणा रेझरमुळे येत असता, तर न कापलेली दाढी लवेसारखी मऊ राहायला हवी होती. तिच्यात बोटे घातली तरी ती राठच लागते. दुसरी साक्ष आपल्याकडची. शेंडी राखून बाकीचे डोके आयुष्यभर वस्तऱ्याने तासून घेण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. वस्तऱ्याने केस दाट होत असते, तर त्या डोक्यांना टक्कल ठाऊक नसते आणि आज विरळ केसांवर न्हाव्याइतका स्वस्त डॉक्टर दुसरा सापडला नसता.

यावर एक हरकत उरते, आणि ती सर्वांत वजनदार आहे: ‘चौदाव्या वर्षी रेझर लावला आणि सोळाव्या वर्षी केस खरेच दाट झाले.’ झाले असतील. पण मुलगी पहिल्यांदा रेझर हातात घेते ते केस दिसू लागतात म्हणून, आणि दिसू लागतात ते वयात आल्यावर वाढलेल्या अँड्रोजेन संप्रेरकांमुळे. त्यांच्या प्रभावाने बारीक, फिकट लव काही वर्षांत हळूहळू जाड, काळ्या केसांत बदलते. मिसरूड फुटलेल्या मुलाचेही तेच. रेझर या प्रवासाच्या मध्यात हातात येतो आणि पुढच्या साऱ्या वाढीचा धनी ठरतो. जावळाचे गणितही असेच सुटते. जन्मतःचे केस पहिल्या काही महिन्यांत बरेचसे आपोआप गळतात आणि त्यांच्या जागी सावकाश जाड केस येतात. जिथे जावळ काढण्याची रीतच नाही, तिथल्या मुलांचेही तसेच होते. आपण मात्र बरोब्बर त्याच काळात न्हाव्याला बोलावतो.

याचा अर्थ केस कधी जाड होतच नाहीत असा नव्हे. प्लास्टरखाली काही आठवडे राहिलेल्या हातावर केस तात्पुरते दाट झालेले दिसतात. चेहऱ्यावरच्या लेझर उपचारानंतर काहींना, विशेषतः सावळ्या कातडीच्या आणि संप्रेरकांचा त्रास असलेल्या स्त्रियांना, आजूबाजूला उलट जास्त केस येतात. इथे मुळाभोवतालच्या जिवंत भागावर परिणाम होत असावा. रेझर तिथवर पोचत नाही. फरक ओळखायचा तर खुंटावर हात फिरवून ओळखता येत नाही. केस तीन-चार महिने वाढू द्यावा आणि बुंध्याची जाडी शेजारच्या न कापलेल्या केसाच्या बुंध्याशी ताडून पाहावी. आणि हनुवटीवर, ओठांवर किंवा पोटावर नव्याने राठ केस येऊ लागले असतील, जोडीला पाळी अनियमित असेल, तर पीसीओएससारखे संप्रेरकांचे कारण तपासून घ्यावे. या समजुतीचे खरे नुकसान इथे होते. ‘एकदा रेझर लावला होता ना, त्याचेच हे’ असे घरातच निदान होते आणि ज्या डॉक्टरकडे वेळेवर जायला हवे होते, तिथे जाणे वर्ष-दोन वर्षे लांबते.